बाथरूम फोडायच्या आधी खालच्या घराचं छत बघा

आमच्या खाली राहणाऱ्या नानांच्या बाथरूमच्या छताला एक पिवळा डाग होता, जेवणाच्या ताटाएवढा. आम्ही आमचं बाथरूम फोडलं तेव्हा तो आधीपासून होता की आमच्या कामाने पडला, यावर पुढे तीन महिने जिन्यात कुरबुर चालली. डाग जुनाच होता, पण ते दाखवायला माझ्याकडे एक फोटो नव्हता. शेवटी त्यांचं छत मी रंगवून दिलं आणि विषय संपवला. त्यानंतर काही वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. या काळात इमारतीतली पाच बाथरूमं फुटताना पाहिली, आणि गेल्या जानेवारीत आमचं दुसरं बाथरूमही करून घेतलं. त्या दुसऱ्या कामात जिन्यात एकही आवाज चढला नाही. ते कसं जमलं, ते सांगतो. आमची इमारत जळगावची आहे, चार मजली, सोळा फ्लॅटची, चार माणसांच्या लिफ्टची. भुसावळ, धुळे, अमळनेर कुठेही साधारण असंच असतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. फ्लॅटमधलं बाथरूम म्हणजे एक उथळ हौद असतो. तिथला स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो, त्याला सगळे सनका किंवा संकन म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो, आणि वर फरशी. हौदाचा तळ म्हणजे खालच्याचं छत. त्यामुळे तुम्ही कितीही 'माझ्या घरात मी काही करीन' म्हटलं तरी काम अर्धं त्यांच्या घरात चाललेलं असतं. काही जुन्या इमारतींत सनका नसतोच, तुमचे पाइप थेट खालच्याच्या बाथरूममध्ये छताला लटकलेले असतात. तसं असेल तर खालच्यांनी दार उघडल्याशिवाय तुमचं काम सुरूच होणार नाही.

काम नक्की कोणतं

परवानगी मागायला जाण्याआधी आपलं काम कोणत्या प्रकारात बसतं ते ठरवा, कारण कमिटी पहिला प्रश्न हाच विचारते. नळ, शॉवर, आरसा, वॉशबेसिन बदलायचं असेल तर कोणाला अर्ज द्यायची गरज नाही. दोन तास ड्रिल चालणार असेल तर शेजारी सांगून ठेवा, बास.

भिंतीच्या आणि खालच्या फरशा काढून नव्या लावायच्या, पण सनका उकरायचा नाही, हे मधलं काम. याला आवाज आणि मलबा दोन्ही आहे, म्हणून अर्ज द्यायचा. सनका पूर्ण उकरून पाइप आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं, हे मोठं काम. यात गळतीची जोखीम आहे, म्हणून लेखी परवानगी मिळाल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

चौथा एक प्रकार आहे, आणि त्यात कमिटीने नकार दिला तर तो योग्यच असतो. बाथरूम मोठं करायला बीम किंवा कॉलम तासायचा, नवीन ड्रेनेजसाठी स्लॅबला भोक पाडायचं, किंवा संडास-बाथरूम सरकवून खालच्याच्या बेडरूमवर किंवा स्वयंपाकघरावर आणायचं. मिस्तरी 'होऊन जाईल साहेब' म्हणतो. होतंही. पण बीममधली सळी कापली गेली की ती परत जोडता येत नाही, आणि ज्या खोलीवर सनकाच नाही तिथे पाणी वापरलं की आज ना उद्या ते खाली उतरतं. असा बदल खरंच हवा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि महापालिकेची परवानगी हा वेगळा रस्ता आहे. नुसत्या फरशा-पाइप बदलायला साधारणपणे महापालिकेकडे जावं लागत नाही.

परवानगी देणार कोण

आपल्याकडे 'सोसायटी' हा शब्द सरसकट वापरला जातो, पण कागदावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल तर ती 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखालची गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या उपविधींत फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यायची अट असते. शेअर सर्टिफिकेट नसेल आणि खरेदीच्या कागदांत घोषणापत्र व अपार्टमेंट डीड असेल, तर ते 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट आहे, आणि अर्ज असोसिएशनकडे जातो. जळगावात दुसऱ्या प्रकारच्या इमारती भरपूर आहेत, म्हणून कागद एकदा काढून बघा.

तिसरी परिस्थितीही आपल्या ओळखीची: बिल्डर गेला, कमिटी कधी झालीच नाही, आणि लाइटबिल-पाणीबिल गोळा करणारे एक अण्णा आहेत. तिथे अर्ज अण्णांच्या नावाने करा, त्यांची सही घ्या, आणि खालच्या फ्लॅटवाल्यांकडून वेगळं संमतीपत्र घ्या. कायद्याच्या दृष्टीने हा कागद लहान आहे, पण उद्या वाद झालाच तर 'यांनी न सांगता केलं' हे कोणी म्हणू शकत नाही.

नोंदणीकृत संस्थेत कमिटीची सभा महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी असते. म्हणजे आज अर्ज दिला तर निर्णयाला महिना जाऊ शकतो. मिस्तरीला तारीख देऊन मग अर्ज करणारेच जास्त अडकतात. महिनाभर आधी अर्ज द्या, दोन प्रतींत द्या, आणि आपल्या प्रतीवर सेक्रेटरीची सही आणि तारीख घ्या. व्हॉट्सॲपवर 'ओके भाऊ, करा' असं आलं तर त्याला परवानगी समजू नका. तो चेअरमन बदलला की तो मेसेजही गेला.

अर्जात 'बाथरूमचे रिनोव्हेशन करायचे आहे, परवानगी मिळावी' एवढंच असेल तर कमिटीतला कोणीतरी शंका काढतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो. मी दिलेला अर्ज जवळजवळ असा होता:

प्रति,
मा. चेअरमन / सेक्रेटरी यांसी,

विषय: फ्लॅट क्र. 203 मधील बाथरूमच्या दुरुस्तीस परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
माझ्या फ्लॅटमधील पॅसेजजवळील बाथरूमच्या (7 फूट × 5 फूट) भिंतीच्या व खालच्या फरशा काढून, सनक्यातील भराव काढून, पाइपलाइन व वॉटरप्रूफिंग नव्याने करायचे आहे. बाथरूमची जागा, कमोडची जागा व बाहेरील ड्रेनेज पाइप यात कोणताही बदल नाही. बीम, कॉलम, स्लॅब व बाहेरील भिंत यांना हात लावला जाणार नाही.
काम 5 ते 24 जानेवारी या काळात होईल. तोडफोड फक्त 5, 6 व 7 जानेवारीस, सकाळी 10 ते 1 व दुपारी 4 ते 6 या वेळेत होईल. रविवारी काम बंद राहील.
मलबा गोण्यांत भरून त्याच दिवशी संध्याकाळी इमारतीबाहेर नेला जाईल. सामाईक जागेचे नुकसान झाल्यास भरून देईन. खालील फ्लॅट क्र. 103 ची कामाआधी व कामानंतर पाहणी करू देण्यास संबंधितांना विनंती व्हावी.
सोबत: मिस्तरी व प्लंबर यांचे नाव, मोबाइल व ओळखपत्राची प्रत, बाथरूमचा साधा नकाशा.

नकाशा म्हणजे आर्किटेक्टचा नको. वहीच्या कागदावर हाताने काढलेला चालतो, त्यात कमोड, नहाणी ट्रॅप आणि डक्ट कुठे आहे एवढं दिसलं पाहिजे. कमिटीला त्यावरून जागा बदलत नाही हे कळतं, आणि बहुतेक आक्षेप तिथेच संपतात.

बऱ्याच ठिकाणी परत मिळणारं डिपॉझिट घेतात. आमच्याकडे सभेत पाच हजार ठरले आहेत. रक्कम रोख दिली तरी पावती घ्या, आणि पावतीवर 'परत करण्यायोग्य' हे शब्द लिहून घ्या. कशासाठी कापलं जाईल तेही आधीच विचारा. लिफ्टची दुरुस्ती, जिन्याचा रंग, ड्रेनेज साफ करणं, असं ठरलेलं असलं की शेवटी घासाघीस होत नाही.

खालच्या शेजाऱ्याला नकाराचा अधिकार आहे का, हा प्रश्न हमखास येतो. परवानगी देणारी कमिटी आहे, शेजारी नाही. पण शेजारी 'नाही' म्हणत असेल तर त्यामागे बहुतेक वेळा जुनी गळती असते, जिच्याकडे तुम्ही दोन पावसाळे कानाडोळा केलेला असतो. आणि तसं असेल तर तुमचं काम त्याच्याच फायद्याचं आहे, हे त्याला जाऊन समजावा. गळतीच्या खर्चाची वाटणी उपविधींत बरीच स्पष्ट आहे: सामाईक बाहेरच्या पाइपची गळती संस्थेच्या खर्चाने, तुमच्या बाथरूम-संडासाच्या आतली गळती तुमच्या खर्चाने.

कामाच्या आधीची पाहणी

पहिल्या वेळी जे केलं नाही ते दुसऱ्या वेळी सगळ्यात आधी केलं. कामाच्या चार दिवस आधी संध्याकाळी मिस्तरीला घेऊन नानांकडे गेलो. चहा झाला. मग मोबाइलच्या टॉर्चमध्ये छताचे, चारही कोपऱ्यांचे, पाइप जिथून बाहेर येतो त्या जागेचे आणि शेजारच्या पॅसेजच्या भिंतीचे फोटो काढले. जिथे डाग किंवा चीर दिसली तिथे पेन्सिलने कडेने रेघ मारली आणि बाजूला तारीख टाकली. नानांना आधी ते विचित्र वाटलं, मग त्यांनीच खुर्ची धरली. आमचा मिस्तरी एरंडोलकडचा, अहिराणी बोलणारा. छताकडे बघून म्हणाला, "पाणी कथाईन येस ते पहिले देखा, मंग फोडा." खरंच, त्या दिवशी कळलं की जुना डाग आमच्या ट्रॅपखाली नव्हता, वरून येणाऱ्या सामाईक पाइपच्या सांध्यापाशी होता. म्हणजे माझं पहिलं रंगकाम फुकट गेलं होतं. फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर आणि सेक्रेटरीच्या व्हॉट्सॲपवर गेले.

त्याच फेरीत आणखी एक बघून घ्या: पाण्याचा व्हॉल्व्ह. गच्चीवरच्या टाकीतून येणारी एकच लाइन वरपासून खालपर्यंत सगळ्या बाथरूमना पाणी देत असते. तुमच्या घरातला व्हॉल्व्ह जाम असेल, आणि दहा वर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह जाम असतोच, तर प्लंबर गच्चीवर जाऊन लाइन बंद करतो आणि चारही मजल्यांचं पाणी जातं. ते सकाळी आठला झालं तर तुम्ही संपलात. म्हणून आदल्या दिवशी दुपारी, सगळ्यांना सांगून, तासाभरात तो व्हॉल्व्ह बदलून घ्या. मग पुढचे वीस दिवस कोणाच्या पाण्याला हात लागत नाही.

आवाज

कायद्याने रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत राहत्या वस्तीत बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवता येत नाहीत. दिवसा निवासी भागात आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि ब्रेकर चालू असताना ती केव्हाच ओलांडली जाते. त्यामुळे दिवसा चालतं म्हणून दिवसभर चालवायचं नसतं. आपल्याकडे दुपारी एक ते चार ही झोपेची वेळ, विशेषतः उन्हाळ्यात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, तेव्हा म्हातारी माणसं याच वेळेला कशीबशी डोळा लावतात. तोडफोडीची वेळ दहा ते एक आणि चार ते सहा ठेवली ती म्हणूनच. मधल्या तीन तासांत मिस्तरीला बिनआवाजाचं काम द्या: गोण्या भरणं, सिमेंट लावणं, पाइपची मापं.

महिनाही निवडून घ्या. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च टाळा. आखाजीला घरोघरी लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा टाळा. श्रावणात इमारतीत कोणाकडे कानबाई बसत असेल तर तो रविवार-सोमवार सोडा. आणि एप्रिल-मेबद्दल एक गोष्ट, जी मला स्वतः खाल्लेल्या बोलण्यामुळे कळली: आपल्याकडे खिडकीत कूलर असतो, आणि तो बाहेरची हवा आत ओढतो. तुम्ही भिंत फोडून खिडकीतून धूळ सोडली की ती वरच्या आणि बाजूच्या कूलरच्या ओल्या वाळ्यावर जाऊन बसते, आणि त्यांच्या घरात सिमेंटचा वास सुटतो. माझ्या पहिल्या कामात शेजारच्या वहिनींनी ते वाळे काढून माझ्या दारात आणून ठेवले होते. हिवाळ्यात काम करणं सगळ्यात सोयीचं. उन्हाळ्यातच करावं लागलं तर बाथरूमच्या खिडकीला ओलं गोणपाट लावा आणि फोडण्याआधी भिंतीवर पाणी मारा.

हत्यार कोणतं वापरायचं याचाही आवाजाशी संबंध आहे. भिंतीच्या फरशा छिन्नी-हातोड्याने निघतात, मोठ्या ब्रेकरची गरज नसते. सनक्यातला कोबा छोट्या ब्रेकरने फोडता येतो, पण तळापासून शेवटचे दोन इंच हातानेच काढायला सांगा. स्लॅब काँक्रीटचा असतो आणि काँक्रीटमधून धक्का थेट खाली जातो. आवाज तर खालच्याला छत कोसळतंय असा येतोच, शिवाय त्यांच्या छताचा गिलावा सुटून पडू शकतो. मिस्तरीला उरक हवा असतो, तो तुम्ही ऑफिसला गेलात की ब्रेकर तळापर्यंत घालतो. म्हणून तो एक दिवस सुट्टी काढा. बाकीचे दिवस नाही थांबलात तरी चालेल.

नोटीस मी दोन दिवस आधी ग्रुपवर टाकली आणि लिफ्टशेजारी कागदही चिकटवला. त्यात 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढंच लिहून उपयोग नाही. लोकांना नेमकं काय हवं असतं? कोणत्या तीन दिवशी, कोणत्या तासांत मोठा आवाज, आणि त्रास झाला तर फोन कोणाला. तिसऱ्या मजल्यावर एक ताई रात्रपाळी करून सकाळी झोपतात. कागद वाचून त्या तीन दिवस माहेरी पिंप्राळ्याला जाऊन झोपल्या. तारखा पुढे ढकलल्या असत्या तर त्यांनी मला बोल लावला असता, आणि तो बरोबरच असता.

फरशी कापण्याचा ग्राइंडर सगळ्यात कर्कश. तो जिन्यात किंवा पार्किंगमध्ये लावू देऊ नका, मिस्तरी हटकून तिथेच बसतो कारण तिथे हवा असते. घरात, दार बंद करून, फरशीवर पाणी सोडत कापायचं, आणि दिवसाची सगळी कापणी एका तासात उरकायची.

मलबा: गोण्या किती

इथे नवखे सगळ्यात जास्त चुकतात, कारण बाथरूम एवढंसं दिसतं. आमच्या सात बाय पाचच्या बाथरूमचा हिशोब करून बघा. भिंतींची फरशी सात फूट उंचीपर्यंत होती, दार वजा करून साधारण दीडशे चौरस फूट. फरशी आणि तिच्यामागचं सिमेंट मिळून दीड इंच धरलं तर एकोणीस घनफूट. सनक्यातला भराव पस्तीस घनफूट. एकूण चौपन्न. फुटलेला माल सुटा झाला की फुगतो, चौपन्नचे पंचाहत्तर होतात. सिमेंटची रिकामी गोणी अर्ध्याच्या थोडी वर भरायची, कारण पूर्ण भरली तर बिगारीला जिन्यातून उचलता येत नाही आणि मधेच फाटते. अशी गोणी पंचवीस-सत्तावीस किलोची होते. आमच्या शंभर गोण्या झाल्या, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. सनका उकरला नसता तर निम्म्यावर भागलं असतं.

हे वजन लक्षात ठेवा, कारण लोक चार दिवसांचा मलबा हॉलमध्ये किंवा गॅलरीत रचून ठेवतात आणि मग एकदम नेतात. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो भाराच्या हिशोबाने धरलेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीत शंभर गोण्या म्हणजे त्याच्या दीडपट. स्लॅब लगेच पडणार नाही, पण गॅलरीच्या टोकाला ढीग लावला तर चीर पडायला तेवढं पुरतं. रोजचा मलबा रोज खाली, हा नियम शेजाऱ्यांपेक्षाही आपल्या घरासाठी आहे.

लिफ्टमधून न्यायचा की जिन्यातून? चार माणसांची लिफ्ट 272 किलोची असते. एक माणूस आणि सात गोण्या, याच्या वर नाही. पण वजनापेक्षा घात करतो तो खडा. लिफ्टच्या दाराखालच्या खाचेत विटेचा बारीक खडा अडकतो, दार पूर्ण लागत नाही, आणि लिफ्ट बंद. आमच्या इमारतीत एकदा असंच झालं आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना दोन दिवस खाली उतरता आलं नाही. मेंटेनन्सवाल्याने पटाशीने एक खडा काढला आणि बिल दिलं. कमिटीने लिफ्ट दिली तर तळाला जाड गोणपाट आणि खाचेवर फळी टाका, आणि वेळ दुपारी दोन ते चार ठेवा, तेव्हा कोणी ये-जा करत नाही. दिली नाही तर जिना, आणि शंभर गोण्यांना दोन बिगाऱ्यांची दोन दिवसांची जास्तीची मजुरी आधीच धरा. दोरीने गॅलरीतून खाली सोडायचा विचारही करू नका. खाली पार्किंग असतं, आणि मुलं खेळत असतात.

खाली आणलेल्या गोण्या संध्याकाळपर्यंत गेटजवळ एका कडेला, पाण्याच्या मीटरपासून आणि गटारीपासून लांब. बांधकामाचा कचरा रस्त्यावर, गटारीत किंवा नाल्यात टाकायला 2016 पासून नियमाने मनाई आहे, आणि घंटागाडीवाला तो घेत नाही. दोन पर्याय असतात. छोटा हत्ती केला तर चार फेऱ्या होतात. ट्रॅक्टर-ट्रॉली केली तर शंभर गोण्या एका खेपेत जातात, पण रोजचा मलबा रोज नेण्याशी ते जुळत नाही. मी रोज संध्याकाळी छोटा हत्ती बोलावला. गाडीवाल्याला 'कुठे टाकशील' हे विचारा. 'बघतो भाऊ' म्हणाला तर तो शहराबाहेरच्या पहिल्या नाल्यात ओतणार. आपल्याकडे काळ्या मातीचे प्लॉट असतात आणि घर बांधण्याआधी भराव कोणाला तरी लागतोच. ओळखीत विचारलं तर दोन दिवसांत घेणारा मिळतो. त्यात फक्त वीट-सिमेंट द्या. जुने पाइप आणि नळ भंगारवाल्याला, कमोडचे तुकडे वेगळ्या गोणीत, कारण ते धारदार तुकडे भरावात पायाला लागतात.

ड्रेनेजमध्ये काय गेलं

मलब्याचा शेवटचा भाग डोळ्यांना दिसत नाही. फरशी लावताना हात, घमेली, थापी धुतात, ते सिमेंटचं पाणी नहाणी ट्रॅपमधून खाली जातं आणि पाइपच्या वळणावर बसून दगड होतं. तुमच्याकडे काही कळत नाही. पंधरा दिवसांनी तळमजल्याच्या घरात उलटं पाणी येतं. म्हणून काम सुरू होताच सगळी तोंडं गोणपाटाचे बोळे घालून आणि वरून पिशवी बांधून बंद करा, आणि धुण्यासाठी एक मोडका ड्रम द्या. तळाला बसलेलं सिमेंट वाळलं की गोणीत. काम संपल्यावर खालच्या चेंबरचं झाकण सेक्रेटरीसमोर उघडून दोन बादल्या पाणी सोडा. पाणी झटकन आलं तर झालं. थांबून थांबून आलं तर कुठेतरी सिमेंट बसलंय, आणि ते ओलं आहे तोवरच निघतं.

पाणी भरून बघणं

वॉटरप्रूफिंग झालं, पाइप बसले, पण भराव अजून घातलेला नाही, त्या टप्प्यावर सनक्यात पाणी भरून ठेवायचं. मिस्तरी हा टप्पा उडवायला बघतो कारण त्याचे दोन दिवस जातात. ऐकू नका. सात बाय पाचमध्ये चार इंच पाणी म्हणजे तीनशेतीस लिटर. नळाला रोज पाणी येत नसेल त्या भागात हा विचार आधीच करावा लागतो. मी नळाच्या दिवशी ड्रम भरून घेतले, इमारतीच्या टाकीला हात लावला नाही. तसा लावला असता तर परवानगीपेक्षा मोठं भांडण झालं असतं.

ट्रॅपची तोंडं घट्ट बंद करून पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा, आणि शेजारीच एक बादली पाणी भरून तिच्यावरही रेघ मारा. अठ्ठेचाळीस तास ठेवा. आपल्या हवेत पाणी उडतंच, म्हणून सनक्यातलं पाणी दोन-तीन मिलिमीटर उतरलं म्हणून घाबरू नका, बादलीशी ताडून बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते हवेने नेलं. सनक्यात जास्त उतरलं तर कुठेतरी वाट आहे. दोन्ही दिवस खाली जाऊन नानांच्या छताला हात लावून बघितला. डोळ्याला डाग दिसायच्या आधी बोटांना गारवा कळतो.

आमच्याकडे पहिल्या रात्री सनक्यात दहा मिलिमीटर उतरलं आणि बादलीत दोन. नानांचं छत मात्र कोरडं होतं. मिस्तरीने पाणी काढून बघितलं तर ट्रॅपचं तोंड नीट बंद नव्हतं, पाणी सरळ ड्रेनेजमध्ये जात होतं. पुन्हा बंद करून पुन्हा भरलं, पुन्हा अठ्ठेचाळीस तास. दुसऱ्या वेळी दोन्हीकडे तीन-तीन. मग ते पाणी वाया न घालवता भिंतीच्या गिलाव्याला मारायला वापरलं. भराव घालण्याआधी पाइपचे फोटो काढा, बाजूला टेप लावून, म्हणजे पुढे ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय ते कळतं. फरशी झाल्यावर पुन्हा एकदा इंचभर पाणी भरून एक दिवस ठेवलं, पण खरी परीक्षा पहिलीच.

काम संपलं की नानांकडे परत गेलो, तेच कोपरे, तोच टॉर्च. पेन्सिलच्या रेघेच्या आतच डाग होता, बाहेर आला नव्हता. नवीन फोटो जुन्यांच्या खाली टाकून कमिटीला पत्र दिलं आणि डिपॉझिट परत मागितलं. पाच हजारांतून दोनशे कापले, कारण दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला गोणी घासून रंग निघाला होता. नानांनी महिन्याभराने एकदा स्वतःहून फोन केला. मी मनात म्हटलं, झालं. ते म्हणाले, "छत कोरडं आहे. पण तो सामाईक पाइपचा डाग आहे ना, त्याचा अर्ज कमिटीला कसा लिहायचा, जरा येऊन सांगता का?"